लोखंड शाबूत, खूर नाही

उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर उभं टेकवा. बाकीची बोटं वर उचला, तळहात आणि मनगटही हवेत ठेवा. आता अख्ख्या अंगाचा भार त्या एका बोटाच्या नखावर आहे अशी कल्पना करा. घोडा आयुष्यभर असाच उभा असतो. त्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. बैल दोन बोटांवर उभा राहतो, म्हणून त्याचा खूर दुभंगलेला असतो आणि त्याला दोन वेगळ्या पत्र्या मारतात. घोड्याकडे प्रत्येक पायाला एकच बोट, म्हणून एकच नाल.

हे मला कळलं ते माथेरानमुळे. मी नेरळचा. शाळेतल्या एका मित्राच्या घरी दोन घोडे आहेत आणि त्यावरच त्यांचं घर चालतं. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे पर्यटक पायी, रिक्षात किंवा घोड्यावर जातात. सुट्टीच्या दिवशी मी वर गेलो की बराच वेळ त्यांच्या तबेल्यात जातो. यंदा गणपतीनंतर गेलो, तेव्हा त्यांच्या तांबड्या घोडीवरून, राणीवरून, वाद चालू होता. उतारावर ती दोनदा ठेचकाळली होती. नाल मारून आठ आठवडे झाले होते. मित्राचे वडील म्हणत होते, "पावसाळ्यात धंदाच नव्हता. नाल झिजलीच नाही, अजून महिनाभर जाईल." नालबंद चाचांनी घोडीचा पाय उचलून मांडीवर घेतला, नालेकडे बघितलं आणि म्हणाले, "लोखंड शाबूत आहे. खूर नाही."

या पाच शब्दांमागे काय आहे ते मी त्या दिवशी तासभर बसून बघितलं.

आधी आतली रचना. खुराच्या आत बोटाचं शेवटचं हाड असतं, साधारण खुराच्याच आकाराचं. हे हाड तळव्यावर ठेवलेलं नसतं, ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या बाजूला वहीच्या पानांसारख्या शेकडो उभ्या पट्ट्या असतात, हाडावरच्या मांसल थरालाही तशाच पट्ट्या असतात, आणि दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात. घोड्याचं वजन मुख्यतः त्या पकडीवर तोललं जातं. बाहेरची भिंत मृत, आपल्या नखासारखी. आतल्या पट्ट्या जिवंत, रक्त आणि संवेदना असलेल्या. खूर उलटा करून बघितला की भिंत आणि तळवा यांच्यामध्ये एक फिकट रेघ दिसते. ती या सीमेची खूण. खिळा त्या रेघेच्या बाहेरच राहायला हवा.

भिंत वाढते ती वरून, केसांच्या कडेपासून खाली, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. मोकळ्या चरणाऱ्या घोड्याचा खूर चालून चालून घासतो, त्यामुळे वाढ आणि झीज यांचा जमाखर्च बऱ्यापैकी जुळतो. कडक रस्त्यावर रोज ओझं वाहणाऱ्याची झीज वाढीपेक्षा जास्त होते. तळवा पातळ होतो, घोडा खडीवर जपून पाय टाकू लागतो. नाल मारतात ती ही झीज थांबवायला. पण झीज थांबली तरी वाढ थांबत नाही. नाल मारल्या दिवसापासून खूर नुसता वाढतच जातो, आणि तो सगळीकडे सारखा वाढत नाही. खरी गोम इथे आहे.

चाचांनी खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ केली, पकडीने नाल उचकटली आणि माझ्या हातात दिली. "वरची बाजू बघ." वरची म्हणजे जी खुराला चिकटलेली असते ती. पुढच्या अर्ध्या भागात लोखंड काळपट आणि खडबडीत होतं. मागच्या दोन टोकांना मात्र बोटाला जाणवतील असे दोन चकचकीत चर पडले होते. जमिनीला त्या बाजूचा स्पर्शही होत नाही, मग ते आले कुठून?

टाचेमुळे. पाऊल पडलं की खुराचा मागचा भाग किंचित फाकतो, उचललं की मिटतो. त्याला तसं करता यावं म्हणून खिळे फक्त पुढच्या अर्ध्या भागात, खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या पुढेच मारतात. त्यामुळे पुढची भिंत लोखंडाला घट्ट जखडलेली असते, तिची झीज जवळजवळ शून्य. टाच मात्र मोकळी असते आणि प्रत्येक पावलाला लोखंडावर घासते. लोखंडात चर पडत असतील तर नखाचं काय होत असेल! म्हणजे दोन महिन्यांत पुढचा भाग पूर्ण वाढीने लांबतो आणि टाच वाढली तरी निम्मी घासून जाते. खूर हळूहळू मागे कलतो.

मी फोन जमिनीलगत धरून खुराचा अगदी बाजूने फोटो काढला आणि कोन मोजला. पुढची भिंत जमिनीशी 47 अंश. केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत लांबी 9 सेंटिमीटर. चाचांनी पकडीने पुढची वाढलेली कड कापली, तळव्याचे सुटलेले पापुद्रे वाकड्या सुरीने काढले, टाचेला जेमतेम कानस लावली आणि सगळं सपाट केलं. पुन्हा मोजलं, तर लांबी 7.6 सेंटिमीटर आणि कोन 50. कापलेले 14 मिलिमीटर म्हणजे आठ आठवड्यांची वाढ. तिरक्या भिंतीवरचे 14 मिलिमीटर उंचीत साधारण 11 होतात. टाच त्याच काळात 5 मिलिमीटर उंचावली असेल, तर फरक राहतो 6 मिलिमीटरचा. खुराच्या 11 सेंटिमीटर लांबीवर 6 मिलिमीटरचा उतार म्हणजे 3 अंश. हिशोब जुळला.

तीन अंश ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण घोड्याच्या पायाच्या मागून एक जाड कंडरा खाली उतरते, खुरातल्या एका छोट्या नावेच्या आकाराच्या हाडावरून वळते आणि शेवटच्या हाडाला खालून चिकटते. कप्पीवरून जाणाऱ्या दोरासारखी. खूर मागे कलला की हा दोर जास्त ताणला जातो आणि त्या छोट्या हाडाला जास्त दाबतो. शिवाय कोन बदलण्याआधीच खुराचं पुढचं टोक 9 मिलिमीटर पुढे सरकलेलं असतं. पाऊल उचलताना टाच आधी उठते आणि घोडा पुढच्या टोकावरून वळतो. ते टोक जितकं पुढे, तितका तरफेचा दांडा लांब, आणि वळायला तितका उशीर. उतारावर ठेचकाळण्याचं एक कारण हे. त्याच तरफेने पुढची भिंत हाडापासून ओढली जाते, फिकट रेघ रुंद होते आणि तिच्यात माती, ओल शिरते.

हे बाहेरून ओळखता येतं. घोडा सपाट जागी उभा असताना बाजूने बघा. घोट्याखालचा तिरका भाग आणि खुराची पुढची भिंत एका सरळ रेषेत हवी. रेष खुराशी येऊन मागे मोडलेली दिसली, तर पुढचा भाग लांबलेला आहे. मागून बघा. नालेची टोकं टाचेखाली दिसायला हवीत. राणीच्या खुरात ती टाचेच्या आत दडली होती. खूर वाढताना नालेला पुढे घेऊन गेला होता आणि मागचा आधारच सरकला होता. खिळ्यांची वळवलेली टोकं भिंतीतून सुटून वर आलेली असली, तर तीही वेळ टळल्याची खूण.

नवी नाल बसवताना चाचांनी आम्हाला गप्प बसायला सांगितलं. त्यांना खिळ्याचा आवाज ऐकायचा होता. नालेचा खिळा टोकाशी एका बाजूने तासलेला असतो. ती बाजू आत ठेवली की खिळा जाता जाता बाहेर वळतो आणि भिंतीतून दोनेक सेंटिमीटरवर बाहेर पडतो. कठीण भिंतीत तो टणटणीत वाजतो, ठोक्यागणिक आवाज चढत जातो. आवाज बोदा झाला किंवा घोडीने पाय झटकला, तर खिळा जिवंत भागाकडे चाललाय, लगेच उपटायचा. तसाच राहिला तर पुढच्या काही दिवसांत खूर गरम लागतो, घोट्यामागची नाडी जोरात उडते आणि घोडा पाय टेकत नाही. अशा वेळी नालबंदावर न थांबता पशुवैद्यक बोलवावा लागतो. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यामुळे लसही झालेली हवी.

मी विचारलं, अजून थोडं कापलं असतं तर कोन आणखी सुधारला नसता का? चाचांनी अंगठ्याने तळवा दाबून दाखवला. त्याखाली जिवंत भाग आहे, सगळी दुरुस्ती एका दिवसात करायला गेलं की तळवा पातळ होतो आणि घोडी लंगडते. पुढे वाकलेली, दबलेली टाच तर कापून सरळ होतच नाही. ती नव्याने वाढावी लागते, त्याला चार-पाच महिने जातात. पुढची भिंत वरून खालपर्यंत नवी यायला नऊ महिने ते वर्ष. म्हणजे उशिराची भरपाई एका खेपेत होत नाही, पुढच्या कित्येक खेपा वेळेवर कराव्या लागतात.

मित्राच्या वडिलांचा प्रश्न पैशांचा होता आणि तो खोटा नव्हता. त्यांच्याशी मी हिशोब मांडला. दर सहा आठवड्यांनी नाल मारली तर वर्षात साधारण नऊ वेळा, आठ आठवड्यांनी मारली तर सहा-सात. वाचतात त्या दोन-तीन खेपा. घोडीची कंडरा दुखावली तर तिला काही आठवडे नाही, काही महिने उभं ठेवावं लागतं. दिवाळीचा हंगाम महिन्यावर आला होता. ते काही बोलले नाहीत, पण चाचांना विचारलं, "जुनीच नाल परत चालेल का?" चाचा म्हणाले, "चालेल की. मी कुठे नवी घ्या म्हणालो? पाय कापून हीच परत मारतो. फक्त मला बोलवा वेळेवर." दुसऱ्या पायाची जुनी नाल ऐरणीवर ठोकून सरळ केली, जागेवर मागे सरकवून बसवली. तिचं लोखंड खरंच अजून महिनाभर पुरणारं होतं.

माथेरानच्या लाल मातीत नाल सावकाश झिजते, पेव्हर ब्लॉकवर लवकर झिजते आणि घसरतेही. त्या ब्लॉकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण रस्ता कुठलाही असो, खूर वाढतो तो कॅलेंडरप्रमाणे. पावसाळ्यात घोडा रिकामा उभा असतो तेव्हाही तो वाढतच असतो, आणि नेमकं तेव्हाच नाल न झिजल्यामुळे सगळं ठीक वाटतं.

तुम्ही दस्तुरीला घोडा ठरवाल तेव्हा भावाची घासाघीस करण्याआधी त्याला दहा पावलं सपाटीवर चालवून बघायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल, तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घेतो. डोकं एका तालात हलत राहिलं, तर त्याच्यावर बसू नका, आणि मालकाला कुठल्या पायाला ते सांगा.