दोन ब्रास ओली वाळू

ब्रासचं गणित लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं. ते एका ओळीचं आहे: एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर, आणि एक घनमीटर म्हणजे 35.3 घनफूट. चूक होते ती एका मीटरला 3.28 फूट हा पाठ असलेला आकडा घनमीटरलाही लावल्यामुळे. तो तीनदा गुणावा लागतो, कारण लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजू बदलतात. तरी वाळूच्या हिशेबात खरी खोट इथे नसते, हे माझं म्हणणं. ब्रासने जागा मोजली जाते, वाळू नाही. आणि तेवढ्याच जागेत वाळू कमी-जास्त मावते.

दापोडीत जुनं घर पाडून नवं बांधताना हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब टाकायचा आहे असं धरा. काँक्रीट 417 घनफूट, म्हणजे 11.8 घनमीटर. एकास दीडास तीन या मिश्रणात एका घनमीटरला साधारण 0.42 घनमीटर वाळू आणि त्याच्या दुप्पट खडी लागते. म्हणजे वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास. खडीचं इथे संपलं. वाळूचं नाही, कारण हे माप कोरड्या वाळूचं आहे. चार-पाच टक्के ओल असली की कणांभोवतीचं पाणी त्यांना एकमेकांपासून दूर धरतं आणि वाळू 25 टक्क्यांपर्यंत फुगते, बारीक असेल तर त्याहूनही जास्त. डंपरमध्ये पावणेदोन ब्रास दिसतात, त्यात वाळू असते 1.4 ब्रासची. घमेल्याने मोजून कालवलं की मिश्रणात वाळूच कमी पडते, खडीच्या फटी भरत नाहीत, आणि दोष सिमेंटला दिला जातो! अशा वेळी मागवायला हवी जवळजवळ 2.2 ब्रास.

यावर म्हणतील, पुरवठादारच लबाड. काही असतातही; फाळक्यापर्यंतची उंची टेपने मोजून घ्यावीच. पण इथे त्याच्या डंपरची पेटी पुरेपूर भरलेली असू शकते. मग वजनावर घ्यावी, तर ओलीचं वजन पडतं, हा आक्षेप खरा आहे. पण ते नुकसान पाच टक्क्यांचं, मापातलं पंचवीसचं. शासनाच्या 2023 च्या वाळू धोरणात ब्रासला 600 आणि टनाला 133 रुपये असे दर होते. भागाकार केला की ब्रासला साडेचार टन निघतात. फुगलेल्या ब्रासचं वजन काट्यावर 3.8 टनांच्या आसपासच भरेल. काटा नसेल तर सरळ भांड्यात वाळू सैल भरून तिची उंची मोजा, ती काढून भांडं निम्मं पाण्याने भरा, वाळू परत घालून सळईने ढवळा. पूर्ण बुडालेली वाळू पुन्हा कोरड्या मापावर येते. 20 सेंटीमीटरची 16 झाली, तर फुगवटा 25 टक्के. ही चाचणी डंपर रिकामा होण्याआधी करा, आणि पावतीवर ब्रासशेजारी टनही लिहून घ्या.