पळता पळता बोलून पाहा

बेंगळुरू

चि. ओंकार यास,


पुढच्या महिन्यात तू येतोयस आणि माझ्याबरोबर लालबागेत पळणार आहेस, हे वाचून बरं वाटलं. घड्याळात नाडीचा आकडा किती ठेवावा, असं तू विचारलंस. तो आकडा तूर्त राहू दे. वयावरून काढलेला आकडा सरासरीचा असतो. तुझी खरी मर्यादा त्याहून दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असू शकते. त्यापेक्षा बोलून पाहावं. याला ‘टॉक टेस्ट’ म्हणतात.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी माणसांना ट्रेडमिलवर पळवत त्यांच्या शाळेतली प्रतिज्ञा मोठ्याने म्हणायला लावली आणि मग विचारलं, ‘आरामात बोलता येतंय का?’ आपणही पाठ्यपुस्तकातली प्रतिज्ञा वापरू. तुला ती अजून पाठ असेलच. पहिली दहा मिनिटं हळूहळू पळायचं, कारण श्वासाला वेगाशी जुळायला थोडा वेळ लागतो. सुरुवातीलाच बोलून पाहिलं तर उत्तर उगाच चांगलं येतं. मग वेग न बदलता सबंध प्रतिज्ञा म्हणायची. वाक्यं सलग आली तर उत्तर ‘हो’. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागला तर ‘हो, पण’. तीन-चार शब्दांवर अडलास तर ‘नाही’.

बोलताना श्वास लांबवून सोडावा लागतो. वेग वाढला की स्नायूंत तयार होणारं आम्ल रक्त सावरू लागतं आणि त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड निघतो. तो बाहेर टाकायला श्वास झपाट्याने वाढतो, मग बोलण्यासाठी उसंत उरत नाही. हे वळण येतं साधारण ‘हो, पण’च्या आसपास. बराच वेळ एकसारखं पळायचं असेल तर त्याच्या जरा अलीकडे राहायचं. ‘हो, पण’ आलं की वेग थोडा कमी करायचा आणि पुन्हा ‘हो’ आलं की तोच धरून ठेवायचा.

लालबागेत केम्पेगौडांचा मनोरा असलेल्या खडकाकडे चढ लागला की सपाटीवरचाच वेग ‘नाही’ म्हणवतो. एप्रिलच्या उन्हातही तसंच. अशा वेळी वेग सोडायचा, श्वास नाही. (घड्याळ तिथे मंद वेग दाखवेल आणि तुझं तोंड वाकडं होईल, हे मला ठाऊक आहे.)

सर्दी किंवा दम्यामुळे धाप लागत असेल तर या परीक्षेवर विसंबू नकोस. छातीत दुखलं तर थांबायचंच, बोलता येत असलं तरी. आणि पुटपुटून चालत नाही, त्यात श्वास फारसा खर्चच होत नाही. तेव्हा लाजू नकोस, शाळेत म्हणायचास तशी खड्या आवाजात प्रतिज्ञा म्हण.

तुझा,
मामा