फाटलेलं मेयोनेझ

नाताळच्या बटाट्याच्या सॅलडसाठी आमच्याकडे मेयोनेझ हातानेच घोटतात: एक बलक, चमचाभर व्हिनेगर, १५० मिलिलिटर तेल. गेल्या वर्षी घाईत मावशीने तेल एकदम ओतलं. मिश्रण पातळ, दाणेदार झालं, वर तेल तरंगू लागलं. ती आणखी जोरात घोटू लागली, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे गं, असं नाही जुळायचं."

मेयोनेझ म्हणजे थोड्याशा पाण्यात तेलाचे अगणित बारीक थेंब. बलकातलं लेसिथिन त्या थेंबांभोवती कवच धरतं, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. तेल भसकन पडलं, तर थेंब फुटायच्या आधीच एकत्र येतात आणि पाणीच तेलात अडकतं.

आईने स्वच्छ वाडग्यात नवा बलक आणि चमचाभर पाणी घोटलं. मग फाटलेलं मिश्रण त्यात आधी थेंबथेंब घातलं. प्रत्येक थेंब दिसेनासा झाला की पुढचा. मिश्रण दाटल्यावर मात्र बारीक धार चालली, कारण दाटपणाच नव्या तेलाचे थेंब फोडायला मदत करतो. शेवटी ते फारच घट्ट झालं, तेव्हा तिने चमचाभर पाणी घातलं. थेंबांमध्ये पाणी उरलं नाही, तर जमलेलं मेयोनेझही पुन्हा फाटतं.