सिबिलला भलतंच कर्ज दिसलं तर

मंडळी, माझ्या मेव्हण्याच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये न घेतलेलं मोबाईलचं कर्ज निघालं. एका महिन्याखाली 060, म्हणजे ६० दिवस थकीत! घरकर्ज तिथंच अडलं.

रिपोर्ट देणारी कंपनी नोंद स्वतःहून खोडत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते. म्हणून आम्ही दोन्हीकडे तक्रार केली. कंपनीच्या साइटवर त्या खात्याचा डिस्प्यूट टाकला आणि संस्थेला ईमेल केला: कर्जाचा अर्ज, केवायसी दाखवा, पैसे कुणाला दिले ते सांगा.

तक्रार क्रमांक आणि तारीख जपा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

आमची नोंद तेविसाव्या दिवशी निघाली. पण अशा कंपन्या चार आहेत. उरलेल्या तिघींचे रिपोर्टही तपासा. वर्षातून एकदा ते फुकट मिळतात.