तंजावरचा होकार

तंजावरास बृहदीश्वराच्या आवारांतील भिंतीवर सरफोजी राजांनीं १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठींत कोरविला आहे. तो डोळ्यांनीं पाहावा, ही आमची जुनी इच्छा गेल्या पौषांत सहकुटुंब पुरी झाली. लेख पाहून झाल्यावर सरस्वती महाल ग्रंथालयाकडे निघालों. नाक्यावरील केळीवाल्यास हातानें दिशा दाखवून विचारलें, “सरस्वती महाल, हाच रस्ता ना?” त्यानें मान दोन्ही खांद्यांकडे हलकेंच डोलविली आणि “सरि, सरि” म्हणाला. अर्धा तास चाललों, तों ग्रंथालय नाहींच!

पुढें कळलें कीं, तमिळांत ‘आमां’ म्हणजे होय; ‘सरि’ म्हणजे ठीक, बरें. तें डोलणेंहि पुष्कळदां ‘ऐकतों आहें, चालूं द्या’ एवढेंच सांगतें. बिचाऱ्यानें खोटें कांहींच सांगितलें नव्हतें. चूक आमच्या प्रश्नाची होती. ‘हाच रस्ता ना?’ असें विचारणाऱ्या परक्या वृद्धास ‘सरि’ म्हणणें सर्वांत सोपें. ‘सरस्वती महाल कोठें?’ असें विचारतों, तर त्यास हात करून दिशा तरी दाखवावी लागती.

पण त्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस उरला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आमच्या सौ.स ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटांत पाणीहि ठरेना. त्यांना मधुमेह असून रोज सकाळीं न्याहारीपूर्वी साखर उतरविणारी गोळी घेण्याचा परिपाठ आहे. जवळच्या दवाखान्यांत नेलें. तेथील डॉक्टर सज्जन, पण इंग्रजी तमिळ वळणाचें आणि वेग आगगाडीचा. ते बोलत होते आणि आम्ही मान हलवीत होतों. “समजलें ना?” म्हणून त्यांनीं विचारलें. आम्ही तत्काळ “येस, येस” म्हणालों.

बाहेर परिचारिकेनें मात्र तो प्रश्न विचारला नाहीं. ती म्हणाली, “उद्यां सकाळीं तुम्ही काय काय देणार, तें मला सांगा.” आम्हीं आत्मविश्वासानें सांगितलें, “खाणें झालें नाहीं तरी साखरेची गोळी चुकवायची नाहीं.” तिचा चेहराच उतरला. डॉक्टरांनीं नेमकें उलट सांगितलें होतें : पोटांत अन्न ठरेपर्यंत ती गोळी देऊंच नका. त्या जातीची गोळी अन्न असो वा नसो, साखर उतरवीतच राहते. उपाशीं पोटीं ती दिली असती, तर घाम, कांपरें, भ्रम आणि शेवटीं बेशुद्धी येण्याचा धोका होता. ‘फूड’, ‘टॅब्लेट’, ‘नॉट’ हे तीन शब्द आम्हांस स्पष्ट ऐकूं आले होते. मधलें वाक्य आम्हीं आपल्या पदरचें घातलें!

त्या रात्रीं उशाशीं बसून आम्ही विचार करीत होतों कीं, मान हलविली तरी कां? पहिली मान प्रामाणिक होती. लहानपणीं आजी गोष्ट सांगे, तेव्हां आपण हुंकार दिला नाहीं कीं ती थांबे; तसाच तो हुंकार. जपानी भाषेंत अशा होकारास ‘आइझुचि’ म्हणतात. लोहारकामांत दोघांनीं आळीपाळीनें मारावयाचा घण, हा त्याचा मूळ अर्थ. घाव चुकला तर काम थांबतें, म्हणून ऐकणारा घाव देत राहतो. पण दुसऱ्या वाक्यास आमचा धागा तुटला. तेव्हांच थांबविणें स्वस्त होतें. पांच वेळां मान हलविल्यावर ‘पहिल्यापासून सांगा’ म्हणणें म्हणजे मागचे पांचहि होकार पोकळ होते, अशी कबुली देणें! त्यांतून बाहेर रोगी खोळंबलेले आणि आम्ही पडलों निवृत्त मास्तर. दर होकारागणिक खरें बोलण्याची किंमत वाढत गेली.

पस्तीस वर्षें आम्ही वर्गांत “समजलें का?” असें विचारीत आलों आणि “हो सर” हा गजर ऐकून पुढचें पान उलटीत आलों. आतां आठवतें कीं, वाक्य पुरें होण्यापूर्वींच ज्यांच्या माना हलत आणि ज्यांना कधीं शंकाच येत नसे, त्यांच्याच उत्तरपत्रिका कोऱ्या असत. त्यांतील एकासहि आम्हीं “काय समजलें, तें सांग” म्हटल्याचें स्मरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं सौ.च्या पोटांत दोन इडल्या ठरल्या. गोळी केव्हां सुरू करावयाची, हें परिचारिकेनें सांगितलें. आम्हीं तें जसेंच्या तसें परत म्हणून दाखविलें. तिनें मान डोलविली. ती ‘बरोबर’ म्हणून कीं ‘ऐकतें आहें’ म्हणून, हें मात्र आम्हीं तेथेंच विचारून घेतलें.