बाई, तुम्ही इंग्रजीत कधीपासून लिहायला लागलात?

सोमवारी सकाळी सात वाजता माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "बाई, तुम्ही इंग्रजीत कधीपासून लिहायला लागलात?" मला काही कळेना. मी 31 वर्षे मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावरही मुलांना मेल लिहायचा तर मराठीतच लिहिते, आणि शेवटी 'सप्रेम आशीर्वाद' असतोच. त्याला रात्री माझ्या पत्त्यावरून इंग्रजी मेल आला होता. मी आजारी आहे, फोनवर बोलता येत नाही, पुतणीच्या वाढदिवसाला गिफ्ट कार्डे हवी आहेत, ती विकत घेऊन त्यांचे नंबर कळव, दोन दिवसांत पैसे देते. मला पुतणीच नाही. दुपारपर्यंत असे अकरा फोन आले.

तेव्हा मी पुण्यात आपाकडे होते. शनिवारी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी मोबाइल बघू नका म्हणून बजावले होते. तरी रविवारी संध्याकाळी मी तो बघितलाच. मेल होता, 'तुमची जागा भरली आहे, 24 तासांत खाते बंद होईल.' यात खोटे वाटण्यासारखे काही नव्हते. जीमेलवर फुकट मिळणारी जागा 15 जीबी, आणि घरातल्या लग्नाच्या फोटोंनी ती खरोखरच भरत आली होती. खऱ्या सूचनाही मला येऊन गेल्या होत्या. मी खालचे बटण दाबले, पासवर्ड मागितला तो दिला, मग मेसेजमधून सहा आकडी नंबर आला तोही दिला.

ओटीपी कुणाला सांगू नये हे मला पाठ होते. पण मी तो सांगितला कुठे? मी तर तो जीमेलच्या पानावर लिहिला, असे मी धरून चालले होते. ते पान जीमेलचे नव्हते. मी एका बाजूला लिहीत होते आणि पलीकडचा माणूस तेच लगोलग खऱ्या पानावर भरत होता. वरच्या पट्टीतला पत्ता वाचला असता तर कळले असते, पण लहान पडदा, एक डोळा झाकलेला.

माझा भाचा संगणकाच्या कामात आहे. तो संध्याकाळी कामावरून आला आणि आम्ही खाते परत मिळवायला बसलो. माझा पासवर्ड बदललेला होता. पासवर्ड विसरल्याच्या पर्यायातून गेलो तर माझ्या जुन्या नंबरवर कोड आला, तो भरला. तरी उत्तर आले, हे खाते तुमचेच आहे याची खात्री पटत नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. चौथ्या वेळी तर नंतर प्रयत्न करा असे सांगून दारच बंद झाले. मला रडू आले. त्या खात्यात पेन्शनची कागदपत्रे होती हे खरे, पण ती दुसरीकडून मिळाली असती. आमचे 'हे' गेले त्याच्या आधीच्या वर्षातले त्यांचे सगळे मेल त्यात होते. ते दुसरीकडे कुठेच नव्हते.

भाच्याने लॅपटॉप मिटला. म्हणाला, "खाला, आता हात लावायचा नाही. सारखं करत राहिलो तर आपणच चोर ठरू." मग त्याने विचारले की हा मोबाइल किती दिवसांपूर्वी घेतला. वीस दिवस झाले होते. जुना मोबाइल तर दुकानात देऊन टाकला होता. "म्हणजे नवा मोबाइल, माझा लॅपटॉप, पुण्याचं नेट. यातलं काहीच तुमच्या रोजच्या सवयीचं नाही. तुम्ही मेल कुठं बघायच्या?"

मिरजेत, यांच्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर. सात-आठ वर्षे रोज.

"मग तिथूनच करायचं. पण एक आहे, त्याने तुमचा नंबर काढून स्वतःचा टाकलेला असणार. जुन्या नंबरवर कोड बदलानंतर सात दिवसच मिळू शकतो."

डोळ्याची तपासणी गुरुवारी होती. शुक्रवारी आम्ही रेल्वेने मिरजेला गेलो. प्रवासात मी दिवस मोजत होते.

शनिवारी सकाळी यांचा संगणक सुरू केला. घरचे नेट चालू होते. यावेळी त्याने आधी आठवतो तो शेवटचा पासवर्ड विचारला. मी माझा जुना लिहिला. मग जुन्या नंबरवर कोड आला, तो भरला, आणि नवा पासवर्ड ठरवायचे पान उघडले. पुण्यात चार वेळा नाही म्हणणारे दार इथे पहिल्या फटक्यात उघडले. भाच्याने लगेच बाकी सगळी उपकरणे खात्यातून बाहेर काढली, परक्याचा नंबर आणि परक्याचा मेल पुसून माझे टाकले. मला वाटले, झाले.

झाले नव्हते. मी सगळ्यांना मराठीत माफीचा मेल लिहिला. रविवार गेला, सोमवार गेला, एकाचेही उत्तर नाही. मंगळवारी शारजातून एका विद्यार्थिनीचा फोन आला, "बाई, मी दोनदा उत्तर लिहिलं. रागावलात का?"

भाचा पुण्याला परतला होता. फोनवर तो सांगत गेला आणि मी संगणकावर करत गेले. सेटिंग्जमध्ये Filters and Blocked Addresses असे एक पान असते. मोबाइलच्या ॲपमध्ये ते दिसतच नाही. तिथे एक नियम होता, मी कधी न केलेला. येणारा प्रत्येक मेल थेट कचऱ्यात टाका. म्हणजे मेल खोटा आहे का असे कुणी विचारले तरी ते माझ्या नजरेला पडू नये. दुसऱ्या पानावर, जिथे माझे नाव असते तिथे, उत्तरे कुठे जावीत याचा पत्ता बदललेला होता. तो माझ्याच पत्त्यासारखा, फक्त एक अक्षर जास्त. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि हे अक्षर मला दोनदा वाचूनही दिसले नाही. भाच्याने एकेक अक्षर मोठ्याने म्हणायला लावले तेव्हा दिसले. कुलूप बदलले होते, पण त्याने ठेवलेली खिडकी उघडीच होती.

दोन्ही पुसले. मग कचऱ्याची पेटी उघडली. तिथे मेल 30 दिवस राहतात. छत्तीस उत्तरे पडून होती. तब्येतीची चौकशी, रुग्णालयाचे नाव विचारणारी, एकाने तर रक्त द्यायला येतो म्हणून लिहिले होते. यांचे मेल जागच्या जागी होते.

एका विद्यार्थ्याने मात्र दहा हजारांची कार्डे घेऊन नंबर पाठवले होते. तो रिक्षा चालवतो. कळल्यावर त्याने 1930 वर फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रारही नोंदवली, पण कार्डे केव्हाच वापरून झाली होती. तो मला सांगायला तयार नव्हता, दुसऱ्याकडून कळले. मी पैसे घेऊन गेले तर म्हणाला, "बाई, तुमच्या नावानं मागितले म्हणून दिले, तुम्ही कशाला भरता?" आमची बरीच वादावादी झाली. शेवटी त्याच्या बायकोने पैसे घेतले आणि मला चहा पाजला.

भाच्याने खात्यातून दहा कोड काढून दिलेत. प्रत्येकी आठ आकडे, एक कोड एकदाच चालतो, मोबाइल हरवला तरी त्याने आत जाता येते. मी ते शाईने कागदावर उतरवून लोखंडी कपाटात पेन्शनच्या पुस्तकात ठेवले आहेत. यांचा संगणक मात्र आता विकणार नाही.