टोकन भरण्याआधीचा शब्द

एजंटशी झालेलं बोलणं आमच्या घरात तीन फोनांवर विखुरलेलं होतं. भाईजानने रद्द करण्याबद्दल विचारलं होतं ते त्याच्या फोनवर, बाजीला आलेली व्हॉइस नोट तिच्याकडे आणि अटींची पीडीएफ धाकट्याकडे. नोव्हेंबरच्या 28 तारखेचा उमरा होता, माणशी 98,000 रुपये. अम्मी, अब्बा, धाकटा आणि त्याची बायको असे चौघे जाणार होते. 11 तारखेला अम्मी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अम्मींना सोडून अब्बा जाणार नव्हतेच. धाकट्या दोघांना मात्र अम्मींनीच हट्टाने पाठवलं. 12 तारखेला सकाळी आम्ही दोन जागा रद्द केल्याचा मेसेज केला, आणि दुपारी उत्तर आलं, "20 दिवसांच्या आत 75 टक्के कट. दोघांचे मिळून 49,000 परत मिळतील."

भरलेले होते 1,96,000. घरात दोन मतं पडली. अब्बांचं म्हणणं, अल्लाहच्या घरी जाण्यासाठी काढलेला पैसा, त्यावरून मोहल्ल्यातल्या माणसाशी वाद नको. बाजीचं म्हणणं, वाद करायचाच नाही, आधी काय ठरलं होतं ते फक्त वाचू या. त्या रात्री आम्ही तिन्ही फोन घेऊन बसलो.

असे मेसेज वाचताना पहिली गरज असते ती तारखेच्या आणि वेळेच्या क्रमाची. व्हॉट्सॲपमध्ये चॅट उघडून वरच्या तीन ठिपक्यांत `Export chat` निवडलं की साधी मजकुराची फाइल मिळते आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख, वेळ, नाव असतं. तिन्ही फायली काढून आम्ही एका वहीत एकाखाली एक उतरवल्या. व्हॉइस नोट शब्दशः लिहून घेतली, अगदी "म्हणजे काय आहे ना" सकट. मेसेज नंतर बदललेला असेल तर त्याच्याशी `Edited` असं दिसतं, आणि पुसलेला असेल तर पुसल्याची खूण राहते. आमच्याकडे तसं काही नव्हतं. तरी मूळ मेसेज कुणीही पुसू नये एवढं ठरवलं, कारण तक्रार करायची वेळ आली तर स्क्रीनशॉटपेक्षा फोनमधला मूळ मेसेज भक्कम असतो.

मग वहीत एक आडवी रेघ मारली, पहिले पैसे गेले त्या क्षणावर. 9 ऑक्टोबर, दुपारी 4 वाजून 5 मिनिटं, चौघांचं टोकन 1,20,000, बँकेतून. रेघेच्या वर जे आहे ते ऐकून आपण पैसे दिले. रेघेच्या खाली जे आहे ते पैसे दिल्यावर कळवलेलं आहे. खालचं सगळं आपोआप खोटं ठरत नाही, पण आधीच्या शब्दाविरुद्ध काही खाली आलं असेल आणि आपण त्याला होकार दिलेला नसेल, तर ते आधी ठरलं होतं असं म्हणता येत नाही.

रेघेच्या वर तीन गोष्टी सापडल्या. 2 ऑक्टोबरचं रंगीत पोस्टर, हॉटेलचं नाव, हरमपासूनचं अंतर, आणि तळाशी बारीक अक्षरात "कॅन्सलेशन चार्जेस लागू". किती, कधी, काही नाही. ही ओळ बहुतेक पोस्टरवर असते आणि तिच्यातून एकही आकडा निघत नाही. म्हणूनच भाईजानने 5 तारखेला विचारलं होतं, "अम्मी 71 वर्षांच्या आहेत. तब्येतीमुळे रद्द करावं लागलं तर किती कापाल?" उत्तर होतं, "फिकीर करू नका भाई. टोकन जाईल. व्हिसा लागला असेल तर व्हिसाचे 13,000 जातील. बाकी रक्कम परत."

तिसरी, 7 तारखेची बाजीला आलेली व्हॉइस नोट. हिच्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण पहिल्यांदा ऐकताना ती आमच्या विरुद्ध वाटली. त्यात तो म्हणतो, "तिकीट ग्रुपचं असतं, बाजी. नावं गेली की एअरलाइन पैसे देत नाही." म्हणजे टोकन, व्हिसा आणि वर तिकीटही जाणार का? तसं असतं तर 75 टक्क्यांची बाजूही बरी ठरली असती. पण पुढचं वाक्य होतं, "म्हणूनच टोकन माणशी 30,000 घेतो, ते सीट पकडायलाच जातात." टोकन हेच तिकिटाच्या नुकसानीसाठी आहे असं तोच सांगत होता. एकच नुकसान दोनदा कापता येत नाही. जी व्हॉइस नोट धाकटा रागाने पुसून टाकायला निघाला होता, तीच आमच्या कामी आली.

हे ग्रुप तिकीट काय असतं ते इथे सांगायला हवं. एजंट किंवा त्याच्या वरचा मोठा ऑपरेटर एअरलाइनकडून एका विमानातल्या ठरावीक जागा एकगठ्ठा घेतो. आधी त्याची रक्कम भरतो आणि प्रवाशांची नावं नंतर देतो. नावं द्यायच्या आत एक माणूस गळला तर त्याच जागी दुसरा घालता येतो, नंतर अवघड होतं. म्हणून "तिकीट नॉन-रिफंडेबल आहे" हे वाक्य खरं असूनही एजंटचं नुकसान झालंच असं नसतं. जागा रिकामी गेली की भरली, हा वेगळा प्रश्न आहे. 15 नोव्हेंबरला त्याच एजंटच्या स्टेटसवर "28 च्या ग्रुपमध्ये 2 सीट, लवकर संपर्क करा" असं झळकलं, ते बाजीने जपून ठेवलं.

आता रेघेच्या खाली. 9 तारखेलाच संध्याकाळी 6 वाजून 20 मिनिटांनी पीडीएफ आली होती. तिच्यात 30 ते 21 दिवस आधी 50 टक्के, 20 दिवसांच्या आत 75 टक्के, शेवटच्या 7 दिवसांत पूर्ण रक्कम, असा तक्ता. पैसे गेल्यावर दोन तास पंधरा मिनिटांनी. वर "पावती आणि माहिती" एवढंच लिहिलेलं, आणि धाकट्याने खाली अंगठा दाखवला होता. हा अंगठा एजंटने आमच्यापुढे टाकलाच, "तुम्ही अटी मान्य केल्या होत्या." अंगठा म्हणजे पावती मिळाली की अटी मान्य, यावर माणसं भांडू शकतात. आमचं म्हणणं एवढंच होतं, की 5 तारखेला स्पष्ट विचारलेल्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर बदलायचं असेल तर तसं सांगून बदलायला हवं. "आधी सांगितलं ते रद्द, आता हा तक्ता" असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

नंतरच्या दोन शब्दांकडेही बारकाईने पाहावं लागलं. 13 नोव्हेंबरला त्याने लिहिलं, "रमजाननंतरच्या ग्रुपमध्ये 1,20,000 अ‍ॅडजस्ट करतो." आकडा मोठा दिसतो म्हणून भाईजानला ते पटायला लागलं होतं. पण अ‍ॅडजस्ट म्हणजे परत नव्हे. पुढचा भाव काय, अम्मी तोवर चालतील का, न चालल्या तर ही रक्कम पुन्हा कापली जाईल का, यातलं काहीच त्यात नव्हतं. दुसरा शब्द "प्रोसेसमध्ये आहे". त्याला तारीख जोडलेली नसेल तर तो महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो.

व्हिसाचं प्रकरण कागदानेच सुटलं. उमऱ्याचा व्हिसा ऑनलाइन निघतो आणि त्याच्यावर जारी झाल्याची तारीख असते. आम्ही दोघांच्या व्हिसाच्या प्रती मागितल्या. अब्बांचा 10 नोव्हेंबरचा. अम्मींचा पासपोर्ट नवीन करून उशिरा मिळाला होता, त्यामुळे त्यांचा व्हिसा 14 नोव्हेंबरचा निघाला, म्हणजे आम्ही रद्द केल्याचं कळवल्यावर दोन दिवसांनी. अब्बांचे 13,000 कापणं आधीच्या शब्दाप्रमाणे रास्त होतं. अम्मींचे नव्हते.

हिशेब असा झाला. दोघांचं टोकन 60,000, अब्बांचा व्हिसा 13,000, एकूण कपात 73,000. परत यायचे 1,23,000.

टोकन आम्ही मागितलं नाही, दोन जागा पुन्हा विकायला निघाल्या तरी. आधी "जाईल" म्हणून सांगितलेलं होतं आणि आम्ही ते ऐकून दिलं होतं. यावर मशिदीतल्या मौलानांशी बोलणं झालं. सौदा मोडल्यावर बयाणा ठेवून घेण्याला फिकहमध्ये अरबून म्हणतात. आपल्या शाफई मसलकासह हनफी आणि मालिकी इमामांनी तो जायज मानलेला नाही, हंबली मसलकात त्याला वाव आहे. मौलाना म्हणाले, पैसे खरोखर सीटसाठी भरले गेले असतील तर तो खर्च आहे, जागा भरली गेली तर एजंटने आपल्या मनाला विचारावं. अब्बांना हे पटलं आणि विषय तिथेच राहिला.

एजंटला आम्ही एकच मेसेज पाठवला. आवाज चढवणारं त्यात काही नव्हतं. सलाम, मग 5 आणि 7 ऑक्टोबरचे त्याचेच शब्द तारीख-वेळेसह, टोकनची वेळ, पीडीएफची वेळ, दोन्ही व्हिसांच्या तारखा, हिशेब, आणि "30 नोव्हेंबरपर्यंत कळवावे". 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची माहिती आम्ही काढून ठेवली होती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हेही. पण मेसेजमध्ये त्याचा उल्लेख केला नाही. धाकटा आणि त्याची बायको त्याच माणसाच्या भरवशावर मक्केत होते, आणि पहिल्याच पत्रात दम द्यायची गरज भाईजानला वाटली नाही.

उत्तर तीन दिवस आलं नाही. मग फोन आला, अब्बांना. वरच्या ऑपरेटरने आमचेही अडकवलेत, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नसावं. गावातला एजंट बऱ्याचदा मोठ्या ऑपरेटरच्या जागा विकतो आणि वरून पैसे सुटले तरच त्याच्या हातात येतात. पण आमचा व्यवहार त्याच्याशी होता, पैसे त्याच्या खात्यात गेले होते. अब्बा म्हणाले, "मुदत हवी तर घ्या, पण तारीख लिहून द्या." त्याने लिहिलं, 80,000 डिसेंबरच्या 10 तारखेला, 43,000 जानेवारीच्या 5 तारखेला. पहिले वेळेवर आले, दुसरे नऊ दिवस उशिरा.

अम्मी आता वॉकर धरून अंगणापर्यंत जातात. पुढच्या हिवाळ्याचे भाव त्यांनी मागवलेत, त्याच एजंटकडून. या वेळी भाईजानने पैसे पाठवण्याआधी चार प्रश्न लिहून पाठवले आहेत. टोकन कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल? नावं एअरलाइनला कोणत्या दिवशी जातील? व्हिसाला पासपोर्ट कधी लावणार? आणि जागा दुसऱ्याला गेली तर टोकनचं काय? तीन प्रश्नांची उत्तरं आली आहेत. चौथ्याची वाट पाहतो आहोत.